कपिलीचे तीन मंगळवार

गुंडप्पाला त्या दिवशी एका जागी बूड टेकवत नव्हतं. गोठ्यात जायचा, कपिलीच्या डाव्या कुशीवर हात ठेवायचा, परत ओसरीवर यायचा, पुन्हा गोठ्यात. शेवटी बायको पार्वतम्मा करवादली, "आवो, जरा बसा की! तुमच्या येरझाऱ्यांनी गाय बरी व्हनार हाय व्हय?"

बसणार कसा माणूस? कपिली पाच महिन्यांची गाभण होती. तीन आठवड्यांत तीनदा तिनं अंग टाकलं होतं, तीनदा कशीबशी उठली होती. गावातल्या औषधवाल्यानं पोटाचं इंजेक्शन टोचून हात झटकले. तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याला, जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला, तर तिथला शिपाई बोलला, "मॅडम लसीकरणाला गावोगाव फिरतायत. घरी बोलवायचं तर तारखा घालून नीट कागदावर लिहून द्या. कागद त्या वाचतातच."

मग सून शिवरंजनी वही घेऊन बसली. दूध कुठल्या दिवशी किती उतरलं, हे तिला डेअरीच्या चिठ्ठ्यांवरून तोंडपाठ. तिनं लिहिलं ते असं:

"मा. पशुधन विकास अधिकारी यांस. आमची गाय कपिली, तिसरे वेत, पाच महिन्यांची गाभण. दि. २९ जुलै, ५ ऑगस्ट आणि १२ ऑगस्ट या तिन्ही दिवशी पहाटे एकसारखा त्रास झाला. वैरणीला तोंड लावत नाही, रवंथ बंद. डावी कूस फुगते. शेण पातळ, राखाडी, आंबूस वासाचे. दात खाते, चालताना झोकांड्या देते. सात लिटर दूध दीड लिटरवर येते. दोन-तीन दिवसांनी जरा सावरते. दर वेळी दुखणे आधीपेक्षा जोराचे आहे. गाय दवाखान्यात चालत आणण्यासारखी नाही, तरी घरी येऊन तपासावे ही विनंती."

एवढं लिहून तिनं मान वर केली. "मामा, आदल्या दिवशी दुसरं काही खाल्लं होतं का हिनं?"

"न्हाय. रोजचीच वैरण. कडबा, घास, पेंड. लिही तसं."

तिनं लिहिलं, 'चाऱ्यात काहीही बदल केलेला नाही.' गुंडप्पानं खाली सही ठोकली.

आता गुंडप्पा लबाड होता का? अजिबात नाही. आयुष्यात कुणाच्या बांधावरचं गवत कापलं नाही त्यानं. पण प्रसाद म्हणजे काय चारा असतो? प्रसाद तो प्रसाद!

झालं होतं असं. श्रावणातल्या सोमवारी गावच्या मठात हुग्गी शिजते. कांडलेला गहू, गूळ, वर तूप. पहिल्या सोमवारी पावसानं माणसं कमी आली, हुग्गी उरली. गुंडप्पानं अर्धी बादली कपिलीपुढं ठेवली. गाईच्या मुखी गेलेलं देवाला पोचतं, हे लहान पोरालाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी गाय पडली. गुंडप्पा अनवाणी मठात धावला आणि मनातल्या मनात नवस बोलला: हिला उभी कर, श्रावणातल्या दर सोमवारी बादलीभर प्रसाद चारीन. गाय उठली! मग सोमवारी त्यानं बादली दिली. मंगळवारी गाय पुन्हा आडवी. त्याला वाटलं, बादली काठोकाठ नव्हती, देव रुसला. पुढच्या सोमवारी शीग लावून दिली. घरातल्या बायका मठात भांडी घासत असायच्या, त्या वेळी हा एकटा गोठ्यात. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून कुणाला पत्ता नाही.

गुरुवारी जीपनं जाऊन त्यानं अर्ज दवाखान्यात दिला. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवारी कुत्रं भुंकलं तरी तो दारात. सोमवार उजाडला, तसा त्याचा जीव अगदी टांगणीला लागला. उद्या मंगळवार. एका बादलीनं देव मानला नाही तर? आज दोन बादल्या द्याव्यात का?

दुपार कलली. मठातून भरलेली बादली घेऊन तो गोठ्यात शिरला. कपिलीनं वास घेतला आणि दावं ताणून हंबरली. त्यानं बादली तिच्यापुढं टेकवली, तोच मागून आवाज आला, "काका, थांबा! काय आहे त्यात?"

दारात दवाखान्याच्या डॉ. दीपाली उभ्या होत्या, पायात गमबूट, खांद्याला पिशवी. मागं मठातून धावत आलेल्या पार्वतम्मा आणि शिवरंजनी.

"प्रसाद हाय, बाई."

"आधी बाजूला करा." शिवरंजनीनं पुढं होऊन बादली उचलली. बाईंनी खिशातून अर्ज काढला. "काका, तुमच्या तिन्ही तारखा मंगळवारच्या. दुखणं कॅलेंडर बघून येत नाही. म्हटलं, सोमवारी ही काय खाते ते जाऊनच बघावं. अशी बादली किती वेळा दिलीत?"

 गुंडप्पानं हळूहळू सगळं सांगितलं, नवसासकट. पार्वतम्मानं कपाळावर हात मारला. "अगं आई! आन् म्या म्हनतीया, कुनाची नजर लागली!"

"गाईचं पोट कडब्यासाठी असतं," बाई म्हणाल्या. "एकदम एवढा गहू अन् गूळ गेला की ते आंबिलीसारखं आंबतं. ती आंबटाई रक्तात उतरते. तीनदा वाचली हे नशीब. चौथ्यांदा मी काही सांगू शकले नसते."

"आन् वासरू?"

बाईंनी कोपरापर्यंत हातमोजा चढवला. त्या तपासत होत्या तोवर गुंडप्पा दोनदा बाहेर गेला, दोनदा आत आला.

"गर्भ शाबूत आहे," त्या म्हणाल्या. गुंडप्पा तिथंच शेणात मटकन बसला. त्यांनी सोड्याच्या पुड्या दिल्या, आठ दिवस पेंडही बंद, नुसता कडबा आणि पाणी, असं शिवरंजनीला लिहून दिलं.

"पर बाई, म्या देवाला शब्द दिलाय," तो खालूनच पुटपुटला.

पार्वतम्मा भडकली. "शब्द तुमी दिला, तर पोट हिनं का द्यायचं? तुमीच खावा बादलीभर!"

बाई गेल्या. हुग्गी गल्लीतल्या पोरांच्या ताटांत गेली. गुंडप्पानं देवाचं नाव घेऊन एक घास तोंडात घातला, तो काही केल्या गिळवेना. मग कडब्याची पेंडी घेऊन तो कपिलीपुढं गेला. तिनं कडब्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या बोटांना लागलेला गूळ ती खरखरीत जिभेनं चाटत राहिली. गुंडप्पानं हात मागं घेतला, हौदावर जाऊन घासून घासून धुतला, आणि तिथंच उभा राहून हमसाहमशी रडला.

मंगळवारी तांबडं फुटायच्या आधीच तो गोठ्यात होता. कपिली बसली होती.  वाकून बघतो तर तिचा जबडा हलत होता, सावकाश. रवंथ चालू होता.

चहा घेऊन शिवरंजनी आली, तेव्हा तो म्हणाला, "पोरी, वही आन. अर्जात एक वळ खोटी पडलीया."

"अर्ज तर बाईंकडं आहे, मामा."

"मंग दुसरा लिही. लिही, कपिलीनं रवंथ केला. आन् लिही, चाऱ्यात बदल झालता. म्या केलता. माझ्या हातानं."

तिनं लिहिलं. त्यानं वही मांडीवर घेतली आणि या खेपेला सही करायला त्याला बराच वेळ लागला.