उलट्या पावलांचा दैत्य

चार वाजून सहा मिनिटांनी दैत्य मेला आणि आमचा गेम वाचला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं. मीही ते लिहिलेलं नाही.

तर, दुपारचे तीन. चारला आमच्या कंपनीच्या मालकीणबाई येऊन स्वतः खेळणार होत्या. दैत्य मेला नाही तर गेम बंद, आणि मी व ताई किराणा दुकानांचं ॲप बनवायला मोकळे. नियम मी लिहिले होते, कोड ताईचा. तपासणीला बाबा, कारण ते फुकट होते.

बाबांना एकच बटण आवडलं: चिखल. दैत्याचा वेग तीस टक्क्यांनी कमी, परिणाम आठ सेकंद, दोन सेकंदांनी बटण पुन्हा तयार. म्हणजे न चुकता दाबलं तर एका वेळी चार चिखल अंगावर.

"अगं, हा परत चालला," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"घरी असावा."

दैत्य तोंड आमच्याकडे ठेवून, पाठमोरा नव्हे, उलट्या पावलांनी दाराबाहेर गेला. बाहेर गेला की जखमा भरतात, हा नियमही माझाच.

ताईने माझा कागद उघडला. "'परिणाम एकावर एक चढतील.' चढतील म्हणजे काय रे, शहाण्या? मी बेरीज केली. चार वेळा तीस, एकशेवीस. शंभरातून वजा कर."

"उणे वीस."

"म्हणून उलटा."

"मग आपल्याला कधी दिसलं कसं नाही?"

कारण दैत्याला 'घाई' मिळते: पहिले दहा सेकंद वेग पन्नास टक्के जास्त. शंभर अधिक पन्नास, वजा एकशेवीस, उरले तीस. पुढेच. आणि आम्ही दोघं त्याला आठव्या सेकंदाला मारायचो. अकरावा सेकंद पाहणारे घरात एकटे बाबाच.

"म्हणजे मी हळू आहे म्हणून सापडलं," बाबा म्हणाले.

"तुम्ही सखोल आहात, बाबा," ताई म्हणाली आणि वजाबाकी खोडून गुणाकार घातला. आता प्रत्येक चिखल उरलेल्या वेगाचे सत्तर टक्के ठेवतो. चार झाले की चोवीस उरतात. शून्याखाली जायची सोयच नाही. 'चढतील' खोडून मी 'गुणले जातील' लिहिलं. तीन पन्नास.

मालकीणबाई बाबांहूनही हळू निघाल्या. सहा मिनिटं लागली. दैत्य शेवटपर्यंत पुढेच येत होता, अत्यंत सावकाश. "बरा आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी चुकांच्या यादीत नवी नोंद आली. बाबा कारकून होते.

"विषय: दैत्य पूर्ववत करणेबाबत. महोदया, दुरुस्तीपासून सदर दैत्य अर्जदाराच्या अंगावर येतो व अर्जदार प्रत्येक वेळी मरतो. तरी अर्जदाराचे वय व तपासणीतील योगदान विचारात घेऊन, केवळ अर्जदारापुरता गुणाकार रद्द करून दैत्यास सन्मानाने घरी जाऊ द्यावे, ही नम्र विनंती."