लॉगमधल्या सकाळच्या ओळी

शिवशंकर सेक्रेटरींचं डोकं एकदा फिरलं की ते जागेवर आणणं कुणाच्या बापाला जमत नसे. त्या दिवशी ते सकाळीच फिरलं होतं. हुमनाबादच्या त्यांच्या कॉलेजात परीक्षा विभागाच्या सर्व्हरवर कुणीतरी शिरायला बघतंय, असा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर होता. रिपोर्ट देणारी होती कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळणारी मंजुश्री, आणि आता तिला वाटत होतं, कुठून अवदसा आठवली आपल्याला!

झालं काय, की रिपोर्टला तिनं लॉगची पानं जोडली होती. कुणी, कुठून, कधी लॉगिन करायला गेलं आणि फसलं, त्याची सगळी नोंद. सेक्रेटरींनी ती पानं चष्मा चढवून वाचली, आणि शेकडो परक्या नावांत त्यांना एक ओळखीचं नाव सापडलं. अच्युतराव.

"आपलेच अच्युतराव! उगं देवमाणूस म्हणायलो आपण," सेक्रेटरी कडाडले. "जूनमधे रिटायर झालेला माणूस. नात जयंती इथं बीएस्सीला. निकाल तोंडावर आलाय. आता मला सांग, मार्कांच्या सर्व्हरमधे ह्यो कामून शिरायलाय?"

"सर, तसं न्हाई ते..."

"कसं न्हाई? जेवण झालं की मी बीदरला जायलोय. सायबर पोलिसाला कंप्लेंट देतो. कागद तयार ठेव."

अच्युतरावांनी सगळी नोकरी परीक्षा विभागात काढली. एका मार्काची चूक निघाली तर रात्रभर न झोपणारा माणूस. मंजुश्रीला या खुर्चीत बसवायला आधीच्या सेक्रेटरींशी भांडले होते ते. पोलिसांची गाडी राजेश्वर गावात त्यांच्या दारात थांबली की गाव गोळा होणार, आणि खरंखोटं ठरेपर्यंत हा माणूस लाजेनंच मरणार. तिनं धीर केला आणि पानं सेक्रेटरींपुढं पसरली.

"सर, ह्यात दोन प्रकार आहेत, एकात एक मिसळलेत. हा एक बघा. नावं काय आहेत? ॲडमिन, टेस्ट, रूट, प्रिन्सिपॉल. ह्यातली निम्मी आपल्याकडं न्हाईतच. पत्ते सगळे बाहेरदेशचे. एका सेकंदात चार-चार वेळा. माणसाची बोटं चालतील का एवढी? हे मशीन आहे. जगभर असली मशिनं दारं ठोकत फिरायलेत. ह्याला म्हणतात ब्रूट फोर्स. एवढ्या वेगानं ठोकणाऱ्याला आपला सर्व्हर लगेच बाहेर काढतो."

"आन् ह्ये?"

"हा दुसरा. नाव एकच, पत्ता एकच. लॉकडाऊनमधे अच्युतराव सरांच्या घरी आपणच इंटरनेट बसवून दिलं, तोच पत्ता. सकाळी कॉलेज भरायच्या वेळी दोन-तीनदा. मधे एवढी सवड, की माणूस चष्मा पुसंल आणि सावकाश परत टाइप करंल. मग दिवसभर शांत. रविवारी न्हाई. दुसऱ्या शनिवारी न्हाई. सतरा सप्टेंबरला, हैदराबाद मुक्तिदिनाला सुद्धा न्हाई. मशीन सुट्टी पाळतंय का सर?"

सेक्रेटरींनी पानं पुन्हा चाळली. पण ते व्यापाऱ्याच्या घरचे, एवढ्यावर सौदा सोडणारे नव्हेत.

"बरं. मशीन न्हाई, माणूस हाय. पासवर्ड विसरलाय, असं म्हण. पर रिटायर माणसाला पासवर्ड पायजेच कशाला? आठवला तर काय करणार हाय त्यो?"

मंजुश्री खाली मान घालून आपल्या खोलीत आली. बसवेना. उठून पंखा वाढवला, परत कमी केला. खिडकीतून दिसत होतं, ड्रायव्हर गाडी पुसत होता. मेल्याला आजच एवढा उत्साह!

तिनं लॉग पुन्हा उघडला, या वेळी स्क्रीनवर. आणि मग तिच्या ध्यानात आलं की कागदावर छापताना उजवीकडचा शेवटचा रकाना कापला गेला होता. लॉगिन का फसलं, त्याचं कारण असायचं त्यात. फसलं म्हणजे पासवर्ड चुकला, असं तीही धरून चालली होती. गाढव कुठली, तिनं स्वतःला शिवी हासडली.

बाहेरच्या मशिनांपुढं होतं, असा युजर नाही. कुठं, पासवर्ड चुकीचा. अच्युतरावांच्या ओळीपुढं मात्र, जुलैपासून आजपर्यंत, प्रत्येक वेळी एकच कारण होतं. पासवर्ड बरोबर, खातं बंद.

म्हणजे ते काही विसरले नव्हते! समोरच्याला हे कारण दिसत नाही. काय बरोबर आणि काय चूक हे चोराला कळू नये म्हणून सगळ्यांना एकच उत्तर मिळतं, लॉगिन झालं नाही. पण खातं बंद झाल्याचं अच्युतरावांना वेगळं कळायची गरजच काय होती? निरोप समारंभ झाल्यावर हार गळ्यात तसाच ठेवून ते तिच्या शेजारी येऊन बसले होते. "माझ्यासमोर बंद कर," म्हणाले होते, "नंतर कुणी बोट दाखवायला नको." तिनं त्यांच्यासमोरच बंद केलं होतं.

मग हा माणूस रोज सकाळी करायलाय काय? तिनं राजेश्वरला फोन लावला. उचलला नलिनीबाईंनी, अच्युतरावांच्या बायकोनं.

"काकू, मी मंजुश्री. सर काय करायलेत?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग नलिनीबाई हळू आवाजात बोलल्या.

"कॉम्प्युटरपुढं बसलेत. इस्त्रीचा शर्ट घालून. तुला कळलं का गं?"

"काकू, सर तर रिटायर..."

"मला सांगतीस व्हय! मीच ओवाळलं होतं त्या दिवशी. पण त्यांच्या डोक्यात ते न्हाईच राहिलं. आधी डबा घेऊन बसस्टँडवर जायचे. दोनदा हुमनाबाद सोडून पार पुढं गेले, मन्नाएखेळ्ळी गावाहून परत आणलं. मग मीच म्हणाले, घरूनच काम करायला सांगितलंय. तेव्हापासून सकाळी आवरून बसतात. लागलं न्हाई की म्हणतात, सर्व्हर बिघडलाय, मंजुश्रीला कळवलंय, ती बघायलीय. आणि मग दिवसभर शांत असतात माय." त्या थांबल्या. "कुणाला सांगू नको. जयंतीच्या लग्नात आडवं येईल."

मंजुश्री रडत होती.

सेक्रेटरींना सांगावं लागलंच. फक्त त्यांना, दार लावून, तोंडून बाहेर काढायचं नाही अशी शपथ घालून. त्यांनी तिच्या स्क्रीनवरचा तो रकाना वरून खालपर्यंत वाचला. मग खिडकीत जाऊन ओरडले, "ये, गाडी आत लाव रे!"

"त्यांचा पत्ता बंद करू का सर?" तिनं विचारलं.

"कशाला? खातं बंदच हाय न्हवं? बसू दे म्हाताऱ्याला ड्यूटीवर."

तेव्हापासून ती रोज आधी तीच ओळ बघायची. ओळ आली की तिला बरं वाटायचं. सर उठलेत, आवरून बसलेत. कारण तेच असायचं, पासवर्ड बरोबर. एवढं डोकं अजून जागेवर आहे, असं ती मनाशी म्हणायची, आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. मंजुश्रीनं लॉग उघडला. ओळ आली होती. राजेश्वरचा पत्ता, तेच नाव. तिनं नजर उजवीकडं नेली.

पासवर्ड चुकीचा.

बोट इकडंतिकडं पडलं असेल, ती म्हणाली. दुसरी ओळ आली, पासवर्ड चुकीचा. तिसरी. चौथी. आज ते थांबेनात. दोन ओळींतली सवड कमी कमी होत चालली, आणि त्या घाईत काय चाललं असेल ते तिला इथं बसून दिसत होतं.

सेक्रेटरी काहीतरी विचारायला आले होते. तिच्या खांद्यावरून त्यांनी भराभर वाढणाऱ्या ओळी पाहिल्या.

"काय गं, मशीन शिरलं काय?"

"न्हाई सर," मंजुश्री म्हणाली. "आज ते पासवर्ड विसरलेत."