रुबीनाच्या विटांची कड

वणीत माझी मातीच्या विटांची भट्टी आहे. राखेच्या विटेला मी कधी वीट म्हणतच नसे. राख भांडी घासायला, हे माझं ठाम मत. आणि माझ्याच लेकीनं, रुबीनानं, राखेच्या विटांचा कारखाना टाकला. वीजकेंद्राची राख, सिमेंट आणि दगडाची चुरी मशीनमध्ये दाबून ती विटा काढते. एका शाळेच्या खोल्यांची पहिली ऑर्डर तिला मिळाली, तेव्हा मी ट्रक दिला. कौतुक करायला मात्र जीभ उचलली नाही.

माल पोचला त्या दुपारी आम्ही जेवत होतो. बांधकामाच्या इंजिनिअर अपेक्षा मॅडमचा यवतमाळहून रुबीनाला फोन आला. तिनं स्पीकर लावला. ठेकेदारानं त्यांना ढिगाचा फोटो पाठवला होता.

"राखेच्या विटा मागितल्या होत्या. हा ढीग लाल दिसतोय. मी माल परत पाठवते."

रुबीनाचा घास हातातच राहिला. पहिलाच माल परत आला, तर पुढं तिला कोण विचारणार?

मॅडमनी पाठवलेला फोटो मी पाहिला. ढीग खरंच लाल होता, आणि कारण मला लगेच कळलं. आदल्या दिवशी त्याच ट्रकातून माझ्या विटा गेल्या होत्या, हौदा कोणी झाडलाच नव्हता. ती लाल भुकटी पोरीच्या विटांवर बसली होती. मला स्वतःचाच राग आला. मी फोन हातात घेतला.

"मॅडम, वरची भुकटी माह्या ट्रकातली हाय. रंग सोडा, कडा पाहा. साऱ्या विटा एका मापाच्या, थर दोरी लावल्यावानी. मातीची वीट भट्टीत भाजते. एक वाकते, एक करपते, एक कच्ची राह्यते. तिचा थर असा बसत नाही."

"मग काँक्रीटचे ब्लॉक असतील. तेही सरळच असतात." शंका रास्त होती.

"बाजूले घमेलं पडलं हाय, पाहा. ब्लॉक जवळपास तेवढा लांब असते. हे वीट त्याच्या निम्मी. अन् ब्लॉकचं अंग खरबरीत, बारीक गिट्टी दिसते."

"मन्सूरभाई, पोरीचा माल म्हणून बोलताय का?"

"बापाच्या काळापासून आमची भट्टी हाय, मॅडम. पण एवढी सरळ वीट आमच्या घरातून पह्यल्यांदाच निघून राह्यली."

रुबीना माझ्याकडे बघतच राहिली. माझी बायको जैबुनबी पदराआड हसली.

मॅडमनी ठेकेदाराला एक वीट फोडून, शेजारी टेप धरून फोटो काढायला लावला. लांबी नऊ इंच. आतून कडेपर्यंत राखाडी, लालाचा ठिपका नाही. माल पास झाला. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या खेपेआधी मी स्वतः हौद्यात चढून झाडू मारत होतो.

"अब्बा, राहू द्या ना," रुबीना म्हणाली.

"झाडू दे बेटा. वीट जाणार हाय यातून."