कुलूपबंद सांधे

पेडण्याचं नवं स्टेशन जवळजवळ तयार झालं होतं. रूळ पडले होते, सिग्नलचे खांब उभे राहिले होते, गाडी तेवढी यायची होती. सिग्नलचं काम एका ठेकेदार कंपनीकडे होतं आणि मदतनीस म्हणून तिने आसपासच्या गावांतली माणसं घेतली होती. गोव्याची राजभाषा कोंकणी झाली असली तरी ही सगळी माणसं मराठी शाळेत शिकलेली. म्हणून कंपनीचा सुपरवायझर श्रीनाथ, मूळचा डिचोलीचा, देवकीबाईंकडे आला. बाई पेडण्यात मराठी शिकवायच्या. इंग्रजी सूचना-पुस्तिका मराठीत करून द्या, असं तो म्हणाला.

बाईंनी ते काम मन लावून केलं. पॉइंट म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जागा. त्याला जुना शब्द होता, सांधा. पॉइंट मशीनला त्यांनी सांधायंत्र म्हटलं. इंटरलॉकिंगपाशी मात्र त्या अडल्या. कोशातल्या अर्थाने समाधान होईना. शब्दात ‘लॉक’ दिसत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘यार्डातील सर्व सांधे कुलूपबंद आहेत.’ वाक्य त्यांना आवडलं होतं. श्रीनाथने पानं चाळली, सही केली आणि पुस्तिका वाटल्या.

पुस्तिकेच्या दुसऱ्या भागातले काही शब्द विचारायला बाई एके सकाळी स्टेशनवर गेल्या. वाटेत शिवदास भेटला, त्यांचा जुना विद्यार्थी, आता इथे मदतनीस. हातात तेलाचा डबा आणि चिंधी होती. सोबत दुसरा मदतनीस मधुकर होता.

“बाई, पलीकडच्या टोकाक जातंव. सांध्याक तेल घालूक,” शिवदास म्हणाला. “तुमचा पुस्तक सगळा वाचलंय हां.”

बाईंना बरं वाटलं.

पॅनलच्या खोलीत श्रीनाथ एकटाच होता. भिंतीला लागून मोठा फळा, त्यावर यार्डाचा नकाशा, बारीक दिवे आणि बटणं.

“हे सांधायंत्र नेमकं करतं काय, ते सांगा,” बाई म्हणाल्या. “पाहिल्याशिवाय मला नीट लिहिता येत नाही.”

“सांगतो कशाला, दाखवतोच. इथून बटणं दाबली की तिकडे मोटर फिरते आणि सांध्याचा हलता रूळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतो.”

“पण सांधे तर कुलूपबंद आहेत ना?”

श्रीनाथ हसला. “कुलूप कसलं, बाई? इंटरलॉकिंग म्हणजे सिग्नल आणि सांधे एकमेकांना बांधलेले. सांधा नीट लागून घट्ट बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, आणि गाडीसाठी सिग्नल दिला की सांधा हलत नाही. आता कुठल्या गाडीला रस्ता दिलाय? कुणालाच नाही. मग सांधा मोकळाच. हे बघा.”

त्याने दोन बटणं एकदम दाबली. पलीकडच्या टोकाचा दिवा विझला आणि लुकलुकू लागला.

बाई त्या दिव्याकडे बघत राहिल्या. “हा असाच लुकलुकतो?”

“नाही. रूळ पुरता टेकला की स्थिर होतो. मध्ये खडी अडकली असेल. मागे-पुढे केलं की पडते.” त्याचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं. “श्रीनाथ, थांबा! शिवदास तिथे आहे. तेल घालतोय.”

“शक्यच नाही. डिस्कनेक्शन घेतल्याशिवाय सांध्याला हात लावायचा नाही, पुस्तिकेत आहे. आधी मला सांगायचं, मी सांधा वापरातून काढायचा, मगच हात.”

त्या वाक्याचं आपण केलेलं मराठी बाईंना तोंडपाठ होतं. ‘जोडणी तोडण्यापूर्वी परवानगी घ्या.’ शिवदास कुठली जोडणी तोडणार होता? तो तर तेल घालत होता. आणि सांध्यांना कुलूप आहे हे त्याला बाईंनीच सांगितलं होतं.

“मी चुकीचं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “त्याला वाटतंय सांधा हलत नाही.”

श्रीनाथने यार्डाशी जोडलेल्या फोनची मूठ फिरवली. तिकडे तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

“परत उलटा फिरवा ना! सुटेल तो!”

“हात कुठल्या बाजूला आहे मला दिसत नाही, बाई. मधुकरचा हात दुसऱ्या बाजूला असला तर?” त्याने बटण दाबलं जाऊ नये म्हणून त्यावर टोपी बसवली, कपाटातून मोटर हाताने फिरवायचा लोखंडी दांडा काढला आणि बाहेरच्या रखवालदाराला ओरडून सांगितलं, “पॅनलला कुणी हात लावायचा नाही!”

दोघं धावत सुटली. खडीवरून पाय घसरत होते. बाईंची चप्पल तुटली, ती त्यांनी तिथेच टाकली. समोरून मधुकर हात हलवत धावत येत होता. त्याचे शब्द वाऱ्यात कळत नव्हते, पण बाईंना ते ऐकायचेही नव्हते.

शिवदास रुळाला लागून गुडघ्यांवर बसला होता, जणू काही शोधतोय. उजवा हात दोन रुळांच्या फटीत होता. तो ओरडत नव्हता.

“हात काडूक येना, बाई,” एवढंच म्हणाला.

श्रीनाथने सांधायंत्रात दांडा घातला. दांडा आत गेला की मोटरची वीज तुटते. त्याने तो गरागरा फिरवायला सुरुवात केली. रूळ सुटायला किती वेळ लागला कुणास ठाऊक; बाई शिवदासचं डोकं पोटाशी धरून “झालं, झालं” म्हणत होत्या, आणि काहीच होत नव्हतं. मग फट उघडली. चिंधी तिथेच राहिली, तेलाने काळी आणि रक्ताने ओली.

म्हापशाच्या इस्पितळात त्याची दोन बोटं काढावी लागली.

शिवदासची बायको शेवंती वॉर्डाच्या दारात उभी होती. बाईंना बघून तिने तोंड फिरवलं नाही. ती म्हणाली, “रोज जेवल्यावर तो मोठ्यान वाची. माका पण ऐकवी. बाईंनी लिवलेला म्हणान.”

बाईंना कुठे बसावं तेही सुचेना.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा मॅनेजर आला. त्याने इंग्रजी प्रत टेबलावर ठेवली. डिस्कनेक्शनची सूचना स्पष्ट आहे, मदतनीसाचा निष्काळजीपणा, असं तो म्हणाला. बाईंनी मराठी प्रत उघडून ती दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली.

“त्याने जे वाचलं ते पाळलं. चूक माझ्या शब्दांची आहे. तसं लिहा.”

“मग जबाबदारी तुमच्यावर येईल.”

“येऊ दे.”

त्यांनी श्रीनाथकडे पाहिलं. सही त्याची होती. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मी न वाचता सही केली,” पण इतक्या हळू, की मॅनेजरने ते लिहिलं की नाही हे बाईंना कळलं नाही. शिवदासला कामावरून काढलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. अहवालात काय आलं ते बाईंना कुणी दाखवलं नाही.

बाई घरोघर फिरल्या. पार तुये गावापर्यंत गेल्या. प्रत्येकाकडून पुस्तिका परत घेतली आणि प्रत्येकाला तेच सांगितलं: सांधा कधीही हलू शकतो. इंटरलॉकिंग गाडीला सांभाळतं, तुमच्या हाताला नाही. आधी पॅनलवर सांगा, सांधा वापरातून काढून घ्या, मगच हात घाला.

मधुकरने पुस्तिका दिली, पण दुरुस्त सूचनांचा नवा कागद घेतला नाही.

“तोंडान सांगा, बाई,” तो म्हणाला. “मी परत सांगतंय, बरोबर काय ता बघा.”

तो अडखळत सांगू लागला. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि प्रत्येक शब्दाला त्यांना भीती वाटत होती.