दुसऱ्या तासाची चकाकी

सातवीच्या वर्गात विज्ञानाच्या बाई शिरल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि काखेत काळ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा. एका पिशवीत आठ टॉर्च, दुसरीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले आठ छोटे आरसे. आदल्या संध्याकाळी त्यांनी घरी बसून प्रत्येक पुठ्ठ्याला ब्लेडने एक बारीक चीर पाडली होती. त्या नादात भाजी करपली आणि नवऱ्याने ‘आज प्रकाशाचा धडा वाटतं’ असं म्हणत ती मुकाट्याने खाल्ली.

“पडदे लावा,” बाई म्हणाल्या.

एवढं ऐकताच वर्गात आनंदीआनंद झाला. तिन्ही खिडक्यांचे जाड निळे पडदे सरकले. पाच-पाच जणांचे गट झाले. बाकांवर कागद पसरले गेले, मातीच्या गोळ्यात खोचून आरसे उभे राहिले आणि पुठ्ठ्याच्या चिरेतून टॉर्चचा उजेड बारीक पट्टी होऊन कागदावर धावला. आरशाला लागला, की पलीकडे वळून निघून जायचा.

“बाई, नियम मोडला!” एका गटातून हाक आली. हा रेडिओ. त्याचं तोंड सकाळी सुरू झालं की शाळा सुटेपर्यंत बंद होत नसे, म्हणून हे नाव. “टॉर्च तीस अंशाच्या रेषेवरून मारला, आणि उजेड साठ अंशांनी परत आला. मी स्वतः मोजलं!”

बाई त्याच्या बाकाशी वाकल्या. आरशाशी काटकोन करणारी तुटक रेषा त्याने छान आखली होती. आत येणाऱ्या उजेडाचा कोन त्या रेषेपासून धरला होता, आणि बाहेर जाणाऱ्याचा मात्र थेट आरशापासून मोजला होता.

“ही मधली रेषा कशाला काढलीस?”

“स्तंभिका आहे ती. तुम्ही सांगितलीत म्हणून काढली.”

“माझी हौस म्हणून नाही सांगितली, राजा. येतानाचा कोन तिच्यापासून, आणि जातानाचाही तिच्यापासूनच. मोज पुन्हा.”

रेडिओने मोजलं. तीस. तो चक्क अर्धं मिनिट गप्प बसला.

उजव्या भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावर जिराफ बसली होती. हे नाव वर्गानेच पाडलेलं. बाईंनी फळ्यावर काही लिहिलं की तिची मान शेजारणीच्या वहीकडे लांब होई. आधी बाईंना वाटलं, नजर कमजोर असेल. बाबा तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, तर डोळे अगदी ठणठणीत निघाले. मग बाईंचाही धीर सुटला. ‘फळ्याकडे बघायला काय होतं गं तुला?’ असं त्या तिला दोनदा सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. तेव्हापासून ती वर्गात फारशी बोलत नसे.

आज मात्र तिने हात वर केला.

“बाई, उजेड असा वळायला आरसाच लागतो का? गुळगुळीत फळ्यावरूनही वळेल?”

“वळेल की. आरशाइतका लख्ख नाही, पण थोडाफार नक्की.”

“मग माझा फळा त्यामुळेच पांढरा होतो का?”

सगळा वर्ग हसला. “अगं, फळा पांढराच आहे!” रेडिओ ओरडला. तेही खरंच होतं. शाळेने या वर्षीच पेनाने लिहायचे चकचकीत पांढरे फळे बसवले होते.

“तसा नाही,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण ती मागे हटली नाही. “दुसऱ्या तासाला डावीकडचा तुकडा चमकतो. मग तिथलं काहीच वाचता येत नाही.”

बाईंना घड्याळ बघायची गरज नव्हती. विज्ञानाचा तास रोज दुसराच असे. त्यांनी पडदे उघडायला लावले, फळ्यावर डावीकडे ‘परावर्तन’ असं मोठं लिहिलं आणि सरळ जिराफच्या जागेवर जाऊन बसल्या. त्यांना तर ‘परावर्तन’ स्पष्ट दिसत होतं.

“खाली वाका बाई,” ती हळूच म्हणाली. “मी तेवढी उंच नाही.”

बाई वाकल्या. तिच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या, आणि ‘परावर्तन’ गेलं. तिथे उरली नुसती लखलखीत पांढरी चकती. अक्षरं जणू कोणी दुधात बुडवली होती.

आपलं ते दोनदा रागावणं बाईंना शब्दन्‌शब्द आठवलं.

“चुकले गं मी,” त्या म्हणाल्या. “इथून कोणालाच वाचता येणार नाही. तू सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, नीट बघ.”

आता बाईंचेही कान लाल झाले. त्या उठल्या आणि बाह्या सरसावल्या.

“चला, हा उजेड येतो कुठून ते शोधू. तू इथून सांग, चमक कुठे आहे. रेडिओ, तू फळ्यापाशी जा आणि ती म्हणेल तिथे ठिपका दे.”

“डावीकडे. अजून थोडं. खाली. हां, बरोबर मधोमध!”

ठिपका पडला. पुन्हा पडदे लागले. रेडिओने ठिपक्यावर आरसा धरला, आणि जिराफने टॉर्च आपल्या डोळ्याशी धरून आरशावर झोत मारला. उजेडाचा गोळा थेट छतावर चढला.

“आरसा वाकडा धरलायस!” बाई म्हणाल्या. “फळ्याला सपाट चिकटव. जराही कलला तर उजेड त्याच्या दुप्पट सरकतो.”

आरसा चिकटला. गोळा छतावरून घसरला, भिंतीवरून गेला आणि पहिल्या खिडकीच्या पडद्यावर जाऊन थांबला.

“सापडला!” कितीतरी गळ्यांतून एकदम आलं.

“डोळ्याकडून खिडकीकडे जो रस्ता, तोच खिडकीकडून डोळ्याकडे,” बाई म्हणाल्या. “त्या खिडकीसमोर काय आहे?”

कोणीतरी पडद्याआडून डोकावलं. पलीकडच्या इमारतीची पांढरी भिंत त्या वेळी उन्हात न्हात होती. बाईंनी पहिला पडदा तसाच ठेवून बाकीचे दोन उघडायला लावले. वर्गात भरपूर उजेड झाला.

जिराफ आपल्या जागेवर बसली. शेजारणीच्या वहीकडे न बघता तिने वाचलं, “परावर्तन.” मग स्वतःशीच हसली.

उरलेल्या वेळात बाईंनी कृतिपत्रिका वाटल्या. छापलेले चार प्रश्न होते. आपाती किरण काढा, स्तंभिका काढा, परावर्तित किरण काढा, बाण दाखवा. पाचवा प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिला. वर्गाचा वरून दिसणारा नकाशा काढा आणि चकाकीची किरणाकृती पूर्ण करा. कोनमापकांची खडखड सुरू झाली. रेडिओने चित्र सुरेख काढलं, पण बाण डोळ्यातून निघून खिडकीकडे चालले होते.

“टॉर्च तिथेच होता ना बाई!” तो म्हणाला.

“तो रस्ता शोधण्यापुरता. डोळ्यातून उजेड निघाला असता तर घराघरांतले दिवे कशाला लावले असते? फिरव बाण.”

जिराफचा कागद हातात आला तेव्हा बाई थांबल्या. खिडकीपासून फळ्यापर्यंत एक किरण, तिथे तुटक स्तंभिका, दोन्ही बाजूंना बेचाळीस अंश आणि किरणाचं टोक तिच्या बाकावर. पण तिने खिडकीच्या दुसऱ्या कडेवरून आणखी एक किरण काढला होता. तो तिच्या मागच्या बाकावर पोचत होता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हिलाही दिसत नसणार.’

बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथली मुलगी वर्षभरात कधी तक्रार करताना दिसली नव्हती.

“काय गं, तुलाही फळा चमकताना दिसायचा?”

“हो बाई,” ती मुलगी निरागसपणे म्हणाली. “मला वाटलं, सगळ्यांनाच तसा दिसतो.”

बाईंना हसूही आलं आणि गलबलूनही आलं. शेवटी हसूच जिंकलं.

“शेजारच्या वर्गातही असाच फळा आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या दुसऱ्या तासाला तिकडे जाऊन प्रत्येक बाक तपासायचा. कोण येतंय?”

तीस-पस्तीस हात वर गेले. त्यांत सगळ्यांत आधी वर गेलेला हात जिराफचा होता. “बाई, टॉर्च मी धरणार,” ती म्हणाली. “आरसा रेडिओलाच द्या. आता सरळ धरता येतो त्याला.”