वजा तीन

तापाच्या गोळीची पावडर १६८ ते १७२ डिग्रीत वितळायला हवी. माझी बॅच १६६ ला वितळली, म्हणून नापास झाली. जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ती बॅच मी काढली होती. याआधीची एक माझ्याच हातून वाया गेली होती आणि मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं, "अंगद, आता गेली तर सरळ घरचा, आष्टीचा रस्ता धर."

माझं डोकं लवकर तापतं. तरातरा लॅबमध्ये गेलो. तपासणीला नवीच लागलेली घनसावंगीची रेणू तिथे बसली होती.

"मॅडम, कालच्या पोरी तुमी, आमच्या पोटावर पाय देऊन राह्यल्या!"

ती चिडली नाही. "अंगदभाऊ, मलाबी खटकून राह्यलंय. पावडर अशुद्ध असती तर आधी मऊ पडली असती, रेंगाळत वितळली असती. ही एका डिग्रीत झटक्यात वितळली."

मग तिने सीलबंद कुप्या काढल्या. त्यांतले पदार्थ अगदी शुद्ध, किती डिग्रीला वितळणार ते पक्कं ठरलेलं. एक आमच्या पावडरीच्या खालचा, बेन्झॉइक ॲसिड, १२२ चा. दुसरा वरचा, कॅफिन, २३६ चा. बारीक काचनळीत दाणे भरून तिने मशीन मिनिटाला एक डिग्री या चालीने तापवलं. दोन्ही बराबर आपापल्या जागी वितळले. मग तेच मिनिटाला दहाने तापवलं, तर दोन्ही वेळा आकडा तीनने वर गेला.

"असं कसं?"

"मशीनचा ठोकळा भराभर तापतो, नळीतली पावडर मागं राह्यते. ती वितळेपर्यंत आकडा पुढं गेलेला असतो."

आता उलगडा झाला. रेणूच्या आधी तपासणीला असलेला मल्हारी घाईचा माणूस, दहानेच तापवायचा. जाताना सांगून गेला, 'मशीन तीन जास्त दाखवतं, वजा करत जा.' त्याच्या चालीला ते बरोबर होतं. रेणूने नियमाप्रमाणे हळू तापवलं, खरा आकडा १६९ आला आणि त्यातूनही तिने तीन वजा केले!

 पण नापासचा निकाल साहेबांकडे गेला होता आणि रेणूची नोकरी अजून कच्ची होती. ती बोलली नसती तर कुणाला पत्ताही लागला नसता. घरी मी गेलो असतो.

ती उठली. मला घेऊन साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, चूक माझी हाय. बॅच चांगली हाय."

साहेबांनी तिला झापलं, चांगलंच झापलं. मग स्वतः उभं राहून पावडर पुन्हा तपासून घेतली आणि बॅच पास केली.

बाहेर आल्यावर मी हात जोडले. "ताई, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत," म्हणालो.

"उपकार कशाचे? उद्या खरंच खराब निघाली तर नापासच करीन, भाऊ."

"करा," मी म्हणालो. "तवा भांडायला येणार न्हाई."