थट्टा हाय का खरं?

नागोजीच्या रानात भाताची लावण रंगात आली होती आणि भरमूनं हातातली तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंढी चिखलात आपटली.

"मी जातो. परत येणार न्हाय," असं म्हणून तो बांधावर चढला.

झालं होतं एवढंच. भरमू लावण करतो ती दोरी लावून. दोन टोकांना दोन खुंट्या, मधे दोरी, आणि वीतभर अंतरावर एकेक रोप. त्याची ओळ बघून कंबर सरळ करत नागोजी ओरडला होता, "भरम्या, तुझी वळ बघून रेल्वेवाले रूळ टाकायला येत्यात बघ!" सगळं रान हसलं होतं.

आता कुणी म्हणेल, यात एवढं रागवण्यासारखं काय? तुम्हाआम्हाला नाही वाटणार. पण भरमूला माणसाच्या तोंडावरचं काही कळत नाही. हिंडलग्याच्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक एसटीची वेळ त्याला पाठ, कुठल्या ट्रॅक्टरचं इंजिन कुठं कुरकुरतं ते तो डोळे मिटून सांगेल. हसणारा माणूस आपल्याबरोबर हसतोय की आपल्याला हसतोय, एवढं मात्र त्याला चौतीस वर्षांत उमगलं नव्हतं. शाळेत असताना सगळेच मित्र वाटायचे, आणि त्या मित्रांनी त्याला हेडमास्तरांच्या खुर्चीवर बसवून बाहेरून कडी घातली होती. तेव्हापासून त्याला सगळेच वैरी वाटायला लागले.

पण आज पैरा सोडून चालणार नव्हतं. पैऱ्यात आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. शुक्रवारी भरमूची पाळी होती. तो निघून गेला तर शुक्रवारी त्याच्या रानात कोण उतरणार? तरवा आधीच जून व्हायला आला होता. एकट्यानं दोरी लावून दीड एकर लावायचं म्हणजे दिवाळीच उजाडली असती.

त्याची वहिनी, जयाबाई, चिखलाचे हात तसेच घेऊन मागोमाग बांधावर आली.

"भावजी, काय झालं?"

"हसले."

"हसले ते बघितलं मी. कशाला हसले?"

"मला कळत न्हाय, वैनी. त्येच तर कळत न्हाय!" भरमूच्या डोळ्यांत पाणी आलं.

जयाबाई बांधावर बसली. ती गोकाककडची, माहेरी सगळं कन्नड. "मी नवी आले तवा मला मराठी कुठं येत होतं? बायका हसल्या की वाटायचं, मलाच हसत्यात. दोन वर्सं न्हाणीघरात जाऊन रडले. मग तोंडं बघायचं सोडून दिलं."

"मग काय बघायचं?"

"माणूस करतंय काय ते बघायचं. आता नागोजीआप्पा. तुम्हालाच बोलतंय का सगळ्यांना?"

भरमूनं आठवलं. सकाळी नागोजी स्वतःच्या टकलाला 'तेल लावलेली ढब्बू मिरची' म्हणाला होता. काल बायकोच्या भाकरीला नकाशा म्हणाला होता आणि बायकोनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. "सगळ्यांना. सवतालाबी."

"बरं. आणि थट्टा सोडून वागतंय कसं?"

"च्या देताना माझ्या कपातली साय काढून देतोय. मला साय चालत न्हाय म्हणून."

"बघा! आता 'बास' म्हटल्यावर गप बसतंय का, तेवढं बघा. जो गप बसतो त्यो आपला. आणि तरीबी न्हाय कळलं, तर सरळ इचारायचं. 'थट्टा हाय का खरं?' लाजायचं न्हाय. आणि लगेच उत्तर द्यायलाच पायजे असं बी न्हाय. संध्याकाळी मला येऊन इचारलं तरी चालतंय."

भरमूला नियम आवडतात. त्यानं तीन बोटं मोजली, चौथं मोजलं आणि तसाच चिखलात उतरून थेट नागोजीपुढं जाऊन उभा राहिला.

"नागोजीआप्पा, मघाचं रुळाचं बोललासा. थट्टा हाय का खरं?"

 नागोजीनं आ वासला. आयुष्यात त्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"थट्टा रं, लेकरा! वळ लई सरळ हाय म्हणून बोललो. आमची बघ, दारू पिऊन लावल्यागत. तुला लागलं व्हय?"

"व्हय. आता बास म्हणून बघू?"

"म्हण की."

"बास."

नागोजीनं चिखलाचा हात तोंडावर दाबला. चिखल मिशीला लागला, तरी हात काढला नाही. दुपारपर्यंत त्या गड्याच्या पोटात थट्टा नुसत्या उकळत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण भरमूविषयी एक शब्द म्हणून निघाला नाही. बायका त्याच्याकडं बघून हसून हसून वाकल्या, आणि यावेळी कुणाला हसतात ते भरमूला पक्कं ठाऊक होतं. त्यानं बोटं मोजून जयाबाईला लांबूनच दाखवली. चारीच्या चारी!

पण रानात विक्रमही होता. गावातलाच पोरगा, बेळगावात नोकरी, सुट्टीला आला म्हणून लावणीत उतरलेला. भरमू खूश झाला की हात झटकतो. त्याचं हात झटकणं बघून विक्रमनं तसेच हात झटकून दाखवले. "ए येड्या, उडतोस का काय?"

भरमू थांबला. "थट्टा हाय का खरं?"

"तुला साधी गंमत बी कळत न्हाय व्हय रं?" विक्रमनं मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. "कर, कर, परत कर. ग्रुपवर टाकतो."

"बास."

विक्रमनं मोबाइल तसाच धरून मोकळा हात आणखी जोरात झटकला.

भरमू बोटं मोजायला लागला. हा दुसऱ्यांना असं बोलत नाही. स्वतःला तर कधीच नाही. कधी कपातली साय काढली नाही. बास म्हटलं तरी थांबला नाही. आणि विचारलं तर सरळ उत्तरही दिलं नाही. एकही बोट उभं राहिलं नाही. भरमूला आता खात्री होती.

"ही थट्टा न्हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "व्हिडिओ पुसून टाक."

"अरं, मज्जा केली..."

नागोजीनं तोंडावरचा हात काढला. "त्यो बास म्हणाला न्हवं? पूस!" दहा जणांच्या कमरा एकदम सरळ झाल्या. विक्रमनं व्हिडिओ पुसला आणि पाय आपटत गेला. तो पाय आपटताना घसरून चिखलात बसला, त्याला कुणीच काही केलं नव्हतं.

शुक्रवारी सगळा पैरा भरमूच्या रानात उतरला. आमच्याकडं शेवटचं रोप लागलं की रानाच्या मालकाला चिखल माखायची रीत आहे. आजवर त्यावेळी भरमू शेवग्यावर चढून बसायचा. यंदा नागोजी दोन्ही हातांत चिखल घेऊन आला आणि चार हातांवर थांबला.

"भरमू, लावू का?"

भरमूनं बराच विचार केला. "तोंडाला नको. पाठीला लावा. एकेकदाच. आणि आधी सांगून."

मग काय विचारता! दहा माणसं भरमूच्या दोरीला धरून रांगेत उभी राहिली. एकेक जण "लावतो हं" म्हणायचा, पाठीला पंजा उमटवायचा आणि पुढं व्हायचा. रेशनच्या दुकानातसुद्धा इतकी शिस्त कुणी बघितली नव्हती. शेवटचा पंजा उमटला तेव्हा भरमूचे हात आनंदानं झटकत होते, आणि नागोजीची म्हातारी बायकोसुद्धा त्याच्यासारखे हात झटकत नाचायला लागली. "थट्टा हाय का..." भरमूनं सुरुवात केली. "तुझ्यासंगं नाचतेय रं, बाबा!" ती म्हणाली. त्यावर तो नाचायला लागला.

दम खायला सगळे बांधावर बसले. समोर भरमूच्या ओळी, पट्टीनं आखल्यासारख्या, आणि त्यांच्यामधून नागोजीनं लावलेली एक वाकडीतिकडी ओळ. भरमू तिच्याकडं टक लावून बघत होता.

"आप्पा," तो म्हणाला, "तुमच्या वळीनं गाडी चालवली तर माणूस कणकुंबीच्या घाटातल्यागत उलटी करंल."

 नागोजीचं तोंड दगडासारखं झालं.  भरमूनं आयुष्यात पहिल्यांदा थट्टा केली होती, आणि ती बसली की लागली हे त्याला त्या तोंडावरून काही केल्या कळेना.

नागोजी सावकाश पुढं वाकला. "भरमू," तो गंभीरपणानं म्हणाला, "थट्टा हाय का खरं?"

भरमूनं ओळीकडं परत एकदा नीट बघितलं.

"दोन्ही," तो म्हणाला.

नागोजी हसता हसता बांधावरून मागच्या मागं चिखलात कोलमडला, आणि त्याला बाहेर काढायला पहिला हात भरमूनं दिला.